परत मिळत नाही, म्हणून आधीच कमी कापून घ्या

«ताई, नमस्कार. मी राजारामपुरीत राहतो, शिरोली एमआयडीसीतल्या एका कंपनीत नोकरीला आहे. पगार वर्षाला पावणेदहा लाख, यंदा त्यावर कंपनी टॅक्स कापत नाही. रात्री बसून दोन वर्षांत एक गेम केलाय, तो दसऱ्याला स्टीम या अमेरिकन ऑनलाइन गेमच्या दुकानात येतोय. मार्चपर्यंत माझ्या वाट्याला सहा हजार डॉलर येतील असा अंदाज आहे. स्टीमच्या टॅक्स फॉर्मवर अमेरिकेचा टॅक्स नंबर विचारला. तो माझ्याकडे नाही म्हणून रकाना मोकळा सोडला, तर शेवटी ३० टक्के कापणार असं दाखवतंय. मित्र म्हणतो कापू दे, इथं रिटर्न भरताना सगळं परत मिळतं. बँक खातं बाबांबरोबर जॉइंट आहे, इथल्या सहकारी बँकेत. ते चालेल ना? आणि इथं टॅक्स किती बसेल?»

फॉर्म अजून सबमिट केला नसेल तर हात तिथंच थांबवा. केला असेल तरी गेम बाजारात यायच्या आत तो पुन्हा भरा. मित्राने सांगितलेलं जर खरं असतं, तर मी तुम्हाला एवढं लांबलचक उत्तर लिहिलंच नसतं. अमेरिकेत कापलेला कर आपल्याकडे सगळा परत मिळत नाही. तुमच्या बाबतीत त्यातला लहानसा भाग मिळेल, आणि तुमच्यापेक्षा कमी पगार असलेल्या माणसाला तर एक रुपयाही मिळणार नाही. का ते पुढे आकड्यांनी दाखवते. आधी फॉर्म नीट करू.

तुमच्या पुढ्यात जो प्रश्नोत्तरांचा फॉर्म आहे, त्यातून शेवटी W-8BEN नावाचा अमेरिकन फॉर्म तयार होतो. त्याचा अर्थ एवढाच की, «मी अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नाही, मी भारताचा करदाता आहे, आणि भारत-अमेरिका कराराप्रमाणे माझ्यावर कमी दराने कर कापा.» अमेरिकेच्या कायद्यात परदेशी माणसाच्या रॉयल्टीवर, म्हणजे हक्काच्या वापराबद्दल मिळणाऱ्या पैशांवर, सरसकट ३० टक्के कापायची तरतूद आहे. भारताने अमेरिकेशी १९८९ मध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार केला. त्याच्या बाराव्या कलमात रॉयल्टीसाठी १५ टक्क्यांची मर्यादा आहे. मात्र ही सवलत आपोआप लागू होत नाही. ती मागावी लागते, आणि मागणारा कोण आहे हे कळायला करदात्याचा क्रमांक द्यावा लागतो.

तो क्रमांक म्हणजे तुमचा पॅन. फॉर्मवर अमेरिकेच्या नंबरासाठी एक जागा असते आणि दुसऱ्या देशाच्या नंबरासाठी वेगळी. ही दुसरी जागा Foreign TIN अशा नावाने दिसते. अमेरिकेचा नंबर नाही असं सांगायचं आणि इथं पॅनची दहा अक्षरं कॅपिटलमध्ये, मध्ये जागा न सोडता टाइप करायची. बरीच मुलं इथं आधार क्रमांक टाकतात. तो करदात्याचा क्रमांक नव्हे, त्यामुळे चालत नाही. पुढे कराराचा लाभ घ्यायचा आहे का असं विचारलं जाईल. तिथं हो म्हणायचं, रहिवासाचा देश भारत निवडायचा आणि उत्पन्नाचा प्रकार रॉयल्टी. सही करण्याआधी शेवटच्या पानावर दर दिसतो, तो १५ दिसलाच पाहिजे. ३० दिसत असेल तर मागे कुठंतरी चूक आहे. बहुतेक वेळा ती पॅनच्याच रकान्यात सापडते.

आणखी एक जागा जपायची आहे. तुम्ही स्टुडिओला काहीतरी छान नाव दिलं असेल. ते दुकानाच्या पानावर डेव्हलपर म्हणून खुशाल झळकू दे, पण कराच्या फॉर्मवर आणि बँकेच्या माहितीत ते लिहू नका. कंपनी नोंदवलेली नाही तोवर कायद्याच्या लेखी विक्री करणारे तुम्हीच आहात, स्टुडिओ नाही. प्रकार विचारला की «व्यक्ती» निवडायचं, आणि नाव पॅनवर जसं छापलंय अगदी तसं द्यायचं. व्यक्तीऐवजी कंपनी निवडलीत तर वेगळाच, कितीतरी लांब फॉर्म उघडतो आणि त्यातले निम्मे प्रश्न तुमच्यासाठी नसतातच.

आता बँक. जॉइंट खातं नको. त्याचं पहिलं कारण नाव. आपल्याकडे सहकारी बँकांच्या पासबुकांवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं अशी जुनी पद्धत आहे. पॅनवर मात्र आपलं नाव आधी असतं. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाचं पहिलंच पेमेंट याच कारणाने अडकलं. फॉर्मवर एक नाव, खात्यावर उलट्या क्रमाने नाव, त्यात पहिले खातेदार वडील. पैसे बँकेपर्यंत आले, तिथं बरेच दिवस पडून राहिले आणि परत गेले. जाताना मधल्या बँकांनी आपापलं शुल्क कापून घेतलं. त्या मुलाला कळलं तेव्हा पुढच्या महिन्याचं पेमेंटही त्याच वाटेवर निघालं होतं.

दुसरं कारण परकीय चलनाचं आहे. परदेशातून आलेले डॉलर थेट स्वीकारायला बँकेकडे रिझर्व्ह बँकेचा परकीय चलन व्यवहाराचा परवाना लागतो, आणि पैसे पोचायला स्विफ्ट कोड लागतो. स्विफ्ट कोड आणि आयएफएससी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयएफएससी देशातल्या व्यवहारांसाठी असतो, तो सहकारी बँकेकडेही असतो, आणि म्हणूनच फसगत होते. तेव्हा एखाद्या राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत एकट्याच्या नावावर खातं उघडा. तुमच्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसेलही, त्यात काही बिघडत नाही. «परदेशातून डॉलर यायचेत, कुठल्या शाखेचा कोड द्यायचा?» असं विचारायचं. ते परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेचा कोड देतील, खाते क्रमांक तुमचाच राहील. हे तोंडी ऐकून येऊ नका, कोड लिहूनच घ्या. आयबॅन भारतात नसतो, तो कुठं विचारला तरी शोधत बसू नका.

पैसे आले की बँक कधीकधी विचारते की हे कशाचे. त्याला पर्पज कोड म्हणतात. गेमच्या हक्काच्या वापराबद्दल मिळालेले पैसे म्हणून P0902 आणि सॉफ्टवेअरची निर्यात म्हणून P0807, असे दोन कोड आपल्या कामाला जवळचे आहेत. पहिल्या वेळी बँकेशी बोलून एक ठरवा आणि पुढे दर महिन्याला तोच ठेवा. दर महिन्याला कोड बदलत गेला तर पुढे कुणी विचारलं की उत्तर देताना तुमचीच धांदल उडेल. «घरखर्चासाठी पाठवलेले पैसे» असा कोड मात्र चुकूनही लागू देऊ नका, ही तुमची कमाई आहे. प्रत्येक पेमेंटमागे बँकेकडून परदेशी रक्कम जमा झाल्याची पावती मागून घ्या. तिच्यावर डॉलर, त्या दिवशीचा दर आणि जमा रुपये, तिन्ही असतात.

पैसे कधी येतात हेही सांगून ठेवते, नाहीतर दसरा उलटला की तुम्ही रोज खातं उघडून बघाल. स्टीम एका महिन्याच्या विक्रीचे पैसे पुढच्या महिन्याच्या अखेरीस पाठवतं, आणि तुमचा वाटा किमान १०० डॉलर झाला तरच. म्हणजे ऑक्टोबरची विक्री नोव्हेंबरच्या शेवटी, आणि बँकेत दिसायला त्यावर काही दिवस.

आता ज्या आकड्यावर सगळं अवलंबून आहे त्याकडे येऊ. तुमच्या घरी ऊस असेल किंवा नसेल, ऊसबिल कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. कारखान्याने टनामागे दर लावला, बिल निघालं दीड लाखाचं, त्यातून सोसायटीच्या कर्जाची कपात झाली आणि खात्यावर पडले साठ हजार. म्हणून त्या शेतकऱ्याचा ऊस साठ हजारांचा होता असं कुणी म्हणत नाही. बिल दीड लाखाचंच. गेमच्या पैशांचंही असंच आहे. खात्यावर पडलेली रक्कम हे तुमचं उत्पन्न नाही. कर कापण्याआधी तुमच्या वाट्याला आलेली रक्कम हे उत्पन्न. अमेरिकेने कापलेला कर तुमच्या वतीने भरलेला आहे, त्यामुळे तोही तुमच्या कमाईतच मोजायचा. नव्या मुलांच्या रिटर्नमध्ये मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. ते पासबुकातल्या नोंदींची बेरीज करतात आणि तोच आकडा भरतात.

तुमचे सहा हजार डॉलर घेऊन बघू. ग्राहकांनी दिलेल्या पैशांतून परत केलेली रक्कम आणि त्या त्या देशाचे विक्रीकर वजा केले, उरलेल्यातून स्टीमने आपला ३० टक्के वाटा घेतला, आणि तुमच्या वाट्याला ६,००० डॉलर आले. हे दुकानाचे ३० टक्के आणि कराचे ३० टक्के या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडा सारखा असल्यामुळे गल्लत होते. दुकानाचा वाटा तुम्हाला टाळता येत नाही, कराचा निम्मा करता येतो.

कर सगळ्या सहा हजारांवर कापला जात नाही. फक्त अमेरिकेतल्या ग्राहकांकडून आलेल्या भागावर कापला जातो. जर्मनी, जपान, भारत, ब्राझील इथल्या विक्रीवर अमेरिका हात लावत नाही. समजा तुमच्या विक्रीत अमेरिकेचा भाग ४० टक्के आहे, म्हणजे २,४०० डॉलर. त्यावर १५ टक्के म्हणजे ३६० डॉलर. रकाना मोकळा राहिला असता तर ७२० डॉलर. हिशोबाला सोपं पडावं म्हणून डॉलर ८५ रुपयांचा धरते. उत्पन्न ५,१०,००० रुपये, त्यातला अमेरिकेचा भाग २,०४,०००, कापलेला कर ३०,६०० आणि बँकेत येणारे ४,७९,४००, त्यातूनही बँकांचं शुल्क जाईल. रिटर्नमध्ये सुरुवात ५,१०,००० पासून करायची.

त्यातून खर्च वजा होतो. समजा चित्रकाराला आणि संगीत करणाऱ्याला मिळून ६६,००० रुपये दिले. गेमच्याच कामासाठी ८०,००० चा लॅपटॉप एप्रिल-मेमध्ये घेतला. त्याची सगळी किंमत एका वर्षात वजा होत नाही, संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, म्हणजे ३२,०००. तोच लॅपटॉप ऑक्टोबरनंतर घेतला असता तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळाला असता, कारण वापर १८० दिवसांपेक्षा कमी भरतो. सॉफ्टवेअरची वर्गणी आणि बँकेचं शुल्क मिळून १२,०००. एकूण खर्च १,१०,०००, आणि गेममधला निव्वळ नफा ४,००,०००. चित्रकाराला दिलेले पैसे बँकेतून द्या आणि त्याच्याकडून साधं का होईना बिल घ्या. रोख दिलेले पैसे पुढे दाखवता येणं अवघड जातं.

पगाराचे ९,७५,०००, त्यातून नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट, राहिले ९,००,०००. त्यात गेमचे ४,००,००० मिळवले की १३,००,०००. इथं तुम्हाला धक्का बसेल. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, म्हणून तुमच्या पगारावर काही कापत नाहीत. तेरा लाख झाले की ती सूट सगळीच जाते. मग पहिले चार लाख सोडून पुढच्या चार लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, त्यापुढच्या चार लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,०००, आणि शेवटच्या एका लाखावर १५ टक्के म्हणजे १५,०००. एकूण ७५,०००, त्यावर ४ टक्के उपकर ३,०००. कर झाला ७८,०००. चार लाख गेममधून आले आणि त्यातले ७८ हजार गेले. बारा लाखांच्या अगदी थोडं वर गेलेल्यांना कायद्यात थोडा दिलासा आहे, म्हणजे वर गेलेल्या रकमेपेक्षा कर जास्त होत नाही. तुम्ही लाखभर वर आहात, त्यामुळे तो तुम्हाला लागू होत नाही.

आता मित्राच्या वाक्याची परीक्षा. अमेरिकेत भरलेल्या कराचं श्रेय भारतात मिळतं, म्हणजे तो इथल्या करातून वजा होतो, पण त्याची मर्यादा ठरलेली आहे. त्याच उत्पन्नावर भारतात जेवढा कर बसतो आणि तिथं जेवढा भरला, या दोन्हींतली लहान रक्कम तेवढीच मिळते. तुमचा भारतातला सरासरी दर काढा. तेरा लाखांवर ७८,०००, म्हणजे ६ टक्के. अमेरिकेतून आलेला निव्वळ नफा काढा. खर्च त्याच प्रमाणात वाटला तर चार लाखांचे ४० टक्के, म्हणजे १,६०,०००. त्याचे ६ टक्के ९,६००. तिथं ३०,६०० कापले, इथं मिळाले ९,६००. उरलेले २१,००० गेले. ते पुढच्या वर्षी वापरायलाही मिळत नाहीत.

फरक कशाने पडला ते बघा. अमेरिका नफ्यावर कर कापत नाही, खर्च न बघता तिथून आलेल्या सगळ्या रकमेवर कापते. भारत मात्र नफ्यावर आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लावतो. ज्याचा भारतातला दर ३० टक्के आहे अशा माणसाला १५ टक्क्यांचं श्रेय बहुतेक पुरतं मिळतं. छोट्या डेव्हलपरला ते कधीच पुरतं मिळत नाही. हाच रकाना मोकळा राहिला असता तर ६१,२०० कापले गेले असते आणि श्रेय ९,६०० चंच राहिलं असतं. कारण करारापेक्षा जास्त कापलेला कर आपला आयकर विभाग हिशोबात धरतच नाही, आणि धरला तरी आपली मर्यादा ६ टक्क्यांचीच. म्हणजे पॅनची दहा अक्षरं तुम्हाला एका वर्षात ३०,६०० रुपये वाचवून देतात. जास्तीचा कापलेला कर अमेरिकेकडून परत मागता येतो, पण त्यासाठी तिथला करदाता क्रमांक काढून तिथलं रिटर्न भरावं लागतं. एवढ्या रकमेसाठी ते करायला कुणी धजावत नाही आणि मी तसा सल्लाही देणार नाही.

आता पगार वर्षाला सहा लाख असलेल्या, असाच गेम केलेल्या एखाद्या मुलाचा विचार करा. चार लाख गेमचे मिळून तो बारा लाखांच्या आत राहतो, त्याचा भारतातला कर शून्य. मग श्रेयही शून्य. त्याच्यासाठी अमेरिकेत कापलेला प्रत्येक डॉलर कायमचा गेला. कदाचित «सगळं परत मिळतं» म्हणणाऱ्यांना ऐकलेला किस्सा मोठ्या पगाराच्या माणसाचा असेल.

तुम्हाला ९,६०० चं श्रेय घ्यायचं तर आयकराच्या संकेतस्थळावर Form 67 भरावा लागतो. माझा आग्रह असतो की तो रिटर्नच्या आधी भरावा, म्हणजे दोन्हीकडचे आकडे जुळतात. रिटर्न वेळेत भरलं असेल तर २०२५-२६ साठी हा फॉर्म ३१ मार्च २०२७ पर्यंत चालतो, पण तेवढं थांबू नका. सोबत कर कापल्याचा पुरावा लागतो. स्टीमकडून दरवर्षी मार्चच्या मध्यापर्यंत 1042-S नावाचा दाखला मिळतो. त्यात 2 क्रमांकाच्या चौकटीत एकूण रक्कम आणि 7a मध्ये कापलेला कर असतो. इथं एक गाठ आहे. हा दाखला जानेवारी ते डिसेंबरचा असतो आणि आपलं वर्ष एप्रिल ते मार्च. पहिल्या वर्षी २०२५ च्या दाखल्यात फक्त डिसेंबरपर्यंतची कपात दिसेल, जानेवारी ते मार्चची पुढच्या वर्षीच्या दाखल्यात येईल. म्हणून दाखल्याचा आकडा तसाच उचलून भरू नका. दर महिन्याच्या पेमेंटचा अहवाल उतरवून ठेवा आणि एप्रिल ते मार्च अशी स्वतः बेरीज करा.

डॉलरचे रुपये करताना दोन वेगळे दर लागतात. वर्ष संपायच्या आत जे पैसे भारतात आले त्यांचा दर बँकेच्या पावतीवर आहे, तोच घ्या. ३१ मार्चला यायचे बाकी असतील तर त्या दिवशीचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर, म्हणजे बँक ज्या दराने डॉलर विकत घेते तो. कापलेल्या कराचा दर मात्र वेगळा, ज्या महिन्यात कर कापला त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा. दर महिन्याला पेमेंट आलं की त्याच दिवशी हे आकडे वहीत मांडलेत तर पाच मिनिटांचं काम आहे. जुलैमध्ये एकदम करायला बसलात तर रविवार जातो. आणि मार्चची विक्री एप्रिलअखेर येते, ती कुठल्या वर्षात धरायची हे सुरुवातीलाच ठरवा. विक्री झाली तेव्हा किंवा पैसे आले तेव्हा, दोन्हींपैकी कुठलीही पद्धत चालते. एकदा धरलेली दरवर्षी बदलायची नाही.

रिटर्न ITR-3 मध्ये भरायचं. कुणी ITR-4 सुचवेल, कारण तो छोटा आहे. पण परदेशातलं उत्पन्न असलेल्याला आणि परदेशातल्या कराचं श्रेय मागणाऱ्याला तो चालत नाही. ITR-3 मध्ये गेमचा नफा व्यवसायाखाली दाखवायचा, अमेरिकेचा भाग Schedule FSI मध्ये आणि श्रेय Schedule TR मध्ये. निम्मंच उत्पन्न नफा धरायची अंदाजी पद्धत तुम्हाला कुणी सुचवली तर सीएला नीट विचारा. ती ठरावीक व्यावसायिकांसाठी आहे, आणि स्वतःचा गेम विकणं त्यात बसतं का यावर मतभेद आहेत. तुमच्यासारख्याने खऱ्या खर्चाचा हिशोब ठेवलेला बरा, असं मला वाटतं. आपल्याकडचे बरेच सीए फाउंड्री, गूळ आणि कापडाच्या हिशोबात मुरलेले आहेत. त्यांना तुमचा धंदा समजायला एक बैठक लागेल. पहिल्याच भेटीत स्टीमचा एका महिन्याचा अहवाल आणि बँकेची पावती समोर ठेवा, बाकीचं त्यांना लगेच कळतं. जीएसटीची चिंता सध्या नको. सेवांसाठी वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि त्यात पगार धरला जात नाही.

वर्षअखेरपर्यंत मात्र हातावर हात ठेवून बसता येणार नाही. ७८,००० मधून ९,६०० गेले, राहिले ६८,४००. कंपनी तुमच्याकडून कापत नाही, म्हणून हे तुम्हालाच भरायचे आहेत. वर्षाचा कर दहा हजारांच्या वर जात असेल तर तो आगाऊ भरावा लागतो. एरवी त्याचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला असतात. तुमचे पहिले दोन गेलेले असतील, घाबरू नका. व्यवसायाचं उत्पन्न पहिल्यांदाच सुरू झालं असेल तर मागच्या हप्त्यांचं व्याज लागत नाही, फक्त उरलेले हप्ते वेळेवर भरले पाहिजेत. १५ डिसेंबरला तोवरच्या विक्रीवरून वर्षाचा अंदाज बांधून पाऊण भाग भरा, ६८,४०० च्या हिशोबाने ५१,३००. उरलेले १५ मार्चपर्यंत. विक्री अंदाजापेक्षा कमी झाली तर मार्चचा हप्ता कमी करा, जास्त झाली तर वाढवा. हे चुकलं तर महिन्याला एक टक्का व्याज लागतं. नोव्हेंबरअखेर पहिलं पेमेंट आलं की त्यातला पाचवा भाग त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकून ठेवा. पहिल्या पैशांतून नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायचा मोह होतो आणि मार्चमध्ये घरच्यांकडे मागायची वेळ येते, हे मी बघितलंय.

हे सगळे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात, तेव्हा पुढच्या वर्षी नावं तपासून घ्या.

आणि एक तारीख आत्ताच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. W-8BEN सही केलेल्या वर्षानंतर तीन वर्षं चालतो. यंदा, २०२५ मध्ये भरलात तर ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत. तो नव्याने भरायचा राहून गेला तर जानेवारी २०२९ च्या पेमेंटपासून अमेरिकेच्या भागावर पुन्हा ३० टक्के कापले जातील, आणि ते तुमच्या लक्षात यायला फेब्रुवारी उजाडेल.